कवीच्या घरातले जुने कागद पाहायचे आहेत: वारसांना लिहायच्या पत्राविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्याच्या मराठी वाङ्मयाचा इतिहास जमवताना मी इथल्या एका कवीच्या वारसांना पत्र लिहून त्यांच्या वडिलोपार्जित घरातले कागद पाहू देण्याची विनंती केली होती. ती मान्य झाली आणि तेव्हापासून असेच काम करणारे बरेच जण काही ठरावीक प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरे इथे एकत्र दिली आहेत. कवी संस्थानच्या नोकरीत होते आणि १९३०च्या दशकात वारले. त्यांचे आणि कुटुंबाचे नाव दिलेले नाही, कारण कुटुंबाने तशी अट घातली होती.

फोन करून विचारता येते, मग पत्र कशासाठी?

फोनवर माणसाला तिथल्या तिथे उत्तर द्यावे लागते, आणि अनोळखी माणसाने घरातले कागद मागितले की सगळ्यात सोपे उत्तर "नाही" हेच असते. पत्र घरात राहते. सून ते वाचते, पुण्याच्या दिराला फोटो काढून पाठवते, सुट्टीत आलेल्या मुलाला दाखवते. असे कागद बहुधा चार-पाच जणांच्या सामाईक मालकीचे असतात, आणि त्या सगळ्यांनी आपसांत बोलायला हातात काहीतरी लिखित असावे लागते. शिवाय तुम्ही काय कबूल केले होते याचा तोच पुरावा असतो. माझ्या पत्राची प्रत त्या घरी दिवाणखान्यातल्या कपाटात ठेवलेली आहे, आणि पुढे दोन वेळा ती काढून "तुम्ही इथे असे लिहिले आहे" असे मला दाखवण्यात आले. ते योग्यच होते.

पत्र कोणाला लिहावे? वारस अनेक आहेत.

दोन माणसे शोधा: हक्काने सगळ्यांत थोर कोण, आणि किल्ली कोणाकडे आहे. ही बहुतेक वेळा वेगवेगळी माणसे असतात.

आमच्या प्रकरणात थोरले नातू पुण्यात होते. घर रावपुऱ्याच्या मागच्या बाजूला, जुन्या पद्धतीचे, आणि तिथे धाकट्या नातवाची पत्नी एकटी राहत होती. कागद कुठे आहेत, कोणत्या पेटीत काय आहे, कोणत्या वर्षी माळा झाडताना काय फेकले गेले, हे सगळे तिला ठाऊक. कागदांची खरी राखण तिनेच केली होती, पण तिला आजवर कोणी काही विचारले नव्हते. अभ्यासक येत ते थोरल्या नातवाचे नाव घेऊन येत आणि तिच्याकडून चहा घेऊन जात.

म्हणून पत्र तिच्या नावे लिहिले आणि प्रत पुण्याला पाठवली, आणि प्रत पाठवत आहे हे पत्रातच नमूद केले. उलट केले असते, म्हणजे थोरल्यांना लिहून तिला नुसते कळवले असते, तर परवानगी मिळाली असती पण पेटी उघडली गेली असती की नाही, शंका आहे.

मुलीकडच्या वारसांना विसरू नका. कवीच्या मुली आणि नाती लग्न होऊन इंदूर-ग्वाल्हेरला गेलेल्या असतात, आणि वडिलांची पत्रे अनेकदा त्यांच्याच ट्रंकेत सापडतात. हक्कही त्यांचा असू शकतो.

पत्र लिहिण्याआधी कोणती तयारी करावी?

जे सार्वजनिक ठिकाणी मिळते ते आधी पाहून टाका. बडोद्यात मध्यवर्ती ग्रंथालय आहे, प्राच्यविद्या मंदिर आहे. जुन्या मासिकांच्या फायली, संमेलनांचे छापील वृत्तांत इथेच पाहता येतात. घरच्यांना "तुमच्या आजोबांचा जन्म कुठला?" असे विचारणाऱ्याला ते कागद का दाखवतील?

तुम्ही पाठवलेले पत्र वाचायला मिळेल का?

नावे आणि पत्ता वगळून देतो.

*श्रीमती … यांस,*

*स. न. वि. वि.*

*मी बडोद्यातच राहतो आणि इथल्या मराठी कवींविषयी माहिती जमवतो. आपले आजेसासरे कै. … यांच्या छापील कविता मी वाचल्या आहेत. त्यांची एक कविता १९२१च्या बडोद्याच्या साहित्य संमेलनासाठी लिहिली गेली असे सर्वत्र म्हटले जाते. संग्रहात मात्र तिच्याखाली साल नाही. ती केव्हा लिहिली हे पाहण्यासाठी १९१८ ते १९२२ या काळातल्या त्यांच्या वह्या किंवा त्यांना आलेली पत्रे घरात असल्यास ती मला पाहायला मिळावीत, अशी विनंती आहे.*

*कागद मी आपल्याच घरी, आपल्या समोर बसून पाहीन. एकही कागद घराबाहेर नेणार नाही, एका रात्रीसाठीही नाही. पहिल्या भेटीत फोटो काढणार नाही. आपण म्हणाल ते कागद बाजूला ठेवीन आणि उघडणार नाही. मोडीतला मजकूर मी आधी आपल्याला वाचून दाखवीन, त्यानंतर त्याची नक्कल करायची की नाही हे आपण ठरवावे. पाहिलेल्या कागदांची यादी करून तिची एक प्रत आपल्याला देईन. काहीही छापण्याआधी मजकूर आपल्याला दाखवीन.*

*घर, जमीन किंवा वाटणीसंबंधीचे कागद माझ्या कामाचे नाहीत. ते समोर आले तर न वाचता परत बांधीन.*

*आपल्या सोयीची वेळ कळवावी. नकार असला तरी तो कळवलात तर आभारी राहीन. या पत्राची प्रत पुण्यास श्री. … यांना पाठवत आहे.*

*आपला नम्र,*

पाचच वर्षांचे कागद का मागितले? सगळे पाहायचे नव्हते का?

पाहायचे होते. पण "आपल्याकडील समग्र कागदपत्रे अभ्यासासाठी उपलब्ध करून द्यावीत" असे लिहिले की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे माळ्यावरच्या धुळीने भरलेल्या सात पेट्या उभ्या राहतात, आणि एक परका माणूस महिनोन्‌महिने घरात बसलेला दिसतो. पाच वर्षे आणि एक कविता म्हटले की काम केवढे आहे ते समजते. शिवाय नेमका प्रश्न विचारल्यामुळे तुम्ही कविता खरोखर वाचली आहे हे घरच्यांना कळते. पुढचे कागद त्यांनी आपणहून काढले, मला मागावे लागले नाहीत.

जमिनीबद्दलचे वाक्य काहींना विचित्र वाटते. ते पत्रातले सर्वांत गरजेचे वाक्य आहे असे माझे मत आहे. जुन्या घरांचे वाद पिढ्यान्‌पिढ्या चालतात, आणि "कागद पाहायचे आहेत" म्हणणारा माणूस कोणाच्या तरी बाजूने आला असेल ही भीती अगदी रास्त असते. ती बोलून न दाखवता मनात राहते, म्हणून आपणच बोलून मोकळे व्हावे.

उत्तर आले नाही तर?

महिना-दीड महिना थांबून एकदाच, दोन ओळींचे स्मरणपत्र पाठवा. गणपती, पितृपक्ष, दिवाळी या काळात पाठवू नका. परस्पर घरी जाऊन बेल वाजवू नका, आणि ओळखीच्या बड्या माणसाकडून दबाव तर मुळीच आणू नका. दुसऱ्या पत्रालाही उत्तर नसेल तर तोच नकार समजावा. पुष्कळदा नकारामागे जुना अनुभव असतो. या घरातूनही पूर्वी कोणीतरी एक वही "दोन दिवसांत आणून देतो" म्हणून नेली होती, ती परत आलेली नाही.

पहिल्या बैठकीत नेमके काय करायचे?

फक्त यादी. वाचनाचा मोह आवरायचा.

आमच्या समोर आधी आले ते लाल खारव्याचे दोन रुमाल. रुमाल म्हणजे कागद बांधून ठेवण्याचे चौकोनी फडके, जुन्या दप्तरांत सगळीकडे हीच रीत असते. पहिल्याच्या गाठीवर मेणकापडाचा तुकडा बांधला होता आणि आत सर्वांत वर कवीच्या वडिलांचे मोडीतले हिशेब, त्याखाली पोस्टकार्डांचा गठ्ठा, त्याखाली लांबट आकाराची खर्चाची वही. कार्डांना लावलेली टाचणी गंजून वरच्या तीन कार्डांना तपकिरी भोक पडले होते. ती टाचणी मी काढली नाही. गंजलेली टाचणी ओढली की कागद तिच्यासोबत येतो. दोन्ही बाजूंनी प्लॅस्टिकची पातळ पट्टी सरकवून, टाचणी सैल होते आहे असे दिसले तरच काढावी, आणि तेही घरच्यांना सांगून.

कागद ज्या क्रमाने बांधलेले आहेत तो क्रम मोडू नका. आपल्याला वाटते की पत्रे एकीकडे, कविता दुसरीकडे, हिशेब तिसरीकडे लावले की सोय होईल. पण कोणता कागद कशाच्या शेजारी होता ही स्वतः एक माहिती असते, आणि एकदा गेली की ती पुन्हा मिळत नाही. यादीत रुमालाचा क्रमांक, त्यातला कागदाचा क्रमांक, प्रकार, लिपी, कोणाचे कोणाला, तारीख आहे तशी, पानांची संख्या आणि पहिली ओळ एवढे लिहावे. क्रमांक कागदावर घालायचा नाही, वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून ती चिठ्ठी मध्ये ठेवायची. शाईचे पेन खोलीत आणूच नये.

हातमोजे लागतात का, असे विचारतात. धुऊन पूर्ण कोरडे केलेले हात बरे. कापडी मोज्यांत कागदाची कड जाणवत नाही आणि ठिसूळ कोपरा तुटतो.

घरच्यांना मोडी येत नाही. मग त्यांची संमती कशी घ्यायची?

मोडी न येणाऱ्या माणसाने "घ्या फोटो" म्हटले तर त्याने कशाला होकार दिला हे त्यालाच माहीत नसते. ती संमती मी धरत नाही. मोडीतला प्रत्येक कागद आधी सावकाश वाचून दाखवायचा, दोन वाक्यांत सार सांगायचे आणि मग विचारायचे. यात वेळ फार जातो. पण याच वाचनाच्या वेळी घरातल्या बाई "थांबा, हे बापूकाका म्हणजे सुरतेचे आत्याचे यजमान" असे सांगतात आणि जे नाते शोधायला आपल्याला वर्ष लागले असते ते मिनिटात उलगडते.

मोडीत कविता सापडली तर एक अडचण येते. मोडीत इकार-उकाराचा ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळत नाहीत आणि शब्दही तोडून लिहीत नाहीत. अक्षरगणवृत्तात तर लघू-गुरूवरच सगळे उभे असते. त्यामुळे मोडीवरून बाळबोधीत उतरवताना आधी वृत्त ओळखावे लागते आणि वृत्तावरून ऱ्हस्व-दीर्घ ठरवावे लागते. कवी स्वतः कविता बाळबोधीत लिहीत आणि व्यवहार मोडीत. त्या पिढीची ही सर्वसाधारण रीत होती. मोडीत मिळालेली कविता बऱ्याचदा घाईत टिपलेली किंवा दुसऱ्याने उतरवलेली असते, आणि तिच्या पाठाला तेवढेच वजन द्यावे.

मग त्या कवितेचे साल ठरले का?

ठरले, आणि ते १९२१च्या बरेच आधीचे निघाले. कसे ते सविस्तर सांगतो, कारण बडोद्यातल्या कागदांवर तारीख लावताना हीच ठेच पुन्हापुन्हा लागते.

कवितेचा खर्डा त्या लांबट खर्चाच्या वहीत, शेवटच्या कोऱ्या पानांवर होता. वहीतल्या शेवटच्या नोंदी "आश्विन, संवत १९७४" अशा होत्या. मराठी घरात शके असायला हवे, संवत कुठून आले, असे वाटेल. वाणी गुजराती होता, त्याच्या खात्याशी मेळ घालायचा म्हणून वहीही त्याच्याच वर्षाप्रमाणे ठेवलेली होती.

विक्रम संवतातून ५७ वजा करायचे हा नियम पाठ असतो. तो लावला तर येते १९१७. पण गुजरातचे विक्रम वर्ष कार्तिकापासून सुरू होते, चैत्रापासून नाही. कार्तिकापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५७ वजा करायचे, आणि जानेवारीपासून आश्विनापर्यंत ५६. आश्विन हा त्या वर्षाचा शेवटचा महिना. म्हणून आश्विन १९७४ म्हणजे १९१८ची शरद, आणि पुढच्या दिवाळीच्या पाडव्याला १९७५ लागले.

शके लिहिलेल्या कागदांचा हिशेब वेगळा. चैत्रापासून डिसेंबरपर्यंत ७८ मिळवायचे, त्यानंतर फाल्गुनापर्यंत ७९. शके १८४० मधला भाद्रपद १९१८ मध्ये पडतो आणि त्याच शकातला माघ १९१९ मध्ये. एकाच रुमालात संवत, शके आणि इसवी असे तिन्ही येतात, म्हणून यादीत मूळ तारीख आहे तशीच लिहायची आणि बदललेली तारीख वेगळ्या रकान्यात. तिथीसोबत वार दिलेला असेल तर जुन्या पंचांगात ताडून पाहावा. साल एकाने चुकले असेल तर वार बहुधा जुळत नाही. महिन्यांच्या बाबतीत बडोदेकरांचे काम सोपे आहे, कारण महाराष्ट्रात आणि गुजरातेत दोन्हीकडे महिना अमावास्येला संपतो. ग्वाल्हेर-इंदूरकडच्या कागदांत पौर्णिमेला संपणारे महिनेही भेटतात, तिथे वद्य पक्षातले महिन्याचे नावच बदलते.

हिशेब संपल्यावर उरलेल्या पानांवर खर्डा लिहिला गेला, तेव्हा कविता १९१८च्या दिवाळीच्या आधीची नाही. ही झाली एक बाजू. दुसरी बाजू पोस्टकार्डांत मिळाली. ग्वाल्हेरच्या एका स्नेह्याने लिहिलेल्या कार्डात त्याच कवितेच्या दोन ओळी उद्धृत केल्या होत्या. कार्डावर पाचव्या जॉर्जचे चित्र आणि किंमत पाव आणा. पोस्टकार्ड १९२२ मध्ये अर्ध्या आण्याला झाले, म्हणजे वरून जास्तीचे तिकीट न लावलेले पाव आण्याचे कार्ड त्याआधीच टपालात पडले असणार. शिक्का भिंगाखाली तिरप्या उजेडात धरला तेव्हा १९२० वाचता आले. नुसत्या किमतीवर मी भरवसा ठेवला नसता, शिक्क्यामुळे पक्के झाले.

तेव्हा कविता १९१८ची दिवाळी आणि १९२० यांच्या दरम्यानची. संमेलनात ती वाचली गेली असेल, पण त्यासाठी लिहिलेली नव्हती.

घरातली आठवण आणि कागद जुळत नसतील तर काय करायचे?

घरात सांगितले जाई की आजोबांनी ती कविता संमेलनाच्या आदल्या रात्री एका बैठकीत लिहिली. ही आठवण नातवंडांना प्रिय होती, आणि ती खोटी ठरवायला मी आलो आहे असे त्यांना वाटू नये ही माझी काळजी होती.

त्यातच दुसरी गोष्ट पुढे आली. खर्ड्याच्या शिरोभागी एक लाडाचे नाव लिहून खोडलेले होते. वहीतल्या आश्विनातल्या नोंदींत वैद्य, औषध, पुन्हा वैद्य, आणि मग काही दिवस एकही नोंद नाही. १९१८ची ती शरद म्हणजे इन्फ्लुएन्झाच्या साथीचा काळ. संग्रहात जी कविता संध्याकाळचे वर्णन म्हणून वाचली जाते, ती बहुधा एका मुलाच्या मृत्यूवरची आहे.

नातसुनेने ते नाव दोनदा वाचले आणि म्हणाली, "हे नाव आमच्याकडे कधी कोणी घेतलं नाही." त्या दिवशी पुढे काही पाहिले नाही. रुमाल बांधला आणि मी निघालो.

पुण्याहून थोरले नातू आले तेव्हा तिघांनी बसून ठरवले. कवितेचे साल आणि त्याचे पुरावे छापायचे. खोडलेले नाव छापायचे नाही. साथीचा उल्लेख करायचा, पण "बहुधा" या शब्दासह, कारण वहीत मृत्यू असा कुठेही लिहिलेला नाही. नोंदी थांबल्या एवढेच दिसते आणि त्यापलीकडचे अनुमान आहे. त्या रात्रीच्या आठवणीबद्दल थोरल्यांनीच वाट काढली: आजोबांनी संमेलनासाठी त्या रात्री स्वच्छ प्रत लिहून काढली असेल, आणि आजीने पाहिले ते तेच. हे शक्य आहे. ती प्रत मिळालेली नाही, म्हणून लेखात हे कुटुंबाचे मत म्हणून, त्यांच्या शब्दांत दिले.

कुटुंबाच्या अटीमुळे इतिहास अपुरा राहतो असे काही अभ्यासकांचे म्हणणे असते. मला ते पटत नाही. खोडलेले नाव पानावर आहे, पान सुरक्षित आहे, यादीत त्याची नोंद आहे. पुढच्या पिढीने वेगळे ठरवले तर ते छापता येईल. विश्वास तुटल्यामुळे पेटीच बंद झाली असती तर खरे नुकसान झाले असते.

पत्रे आपल्याकडे आहेत, तेव्हा ती छापण्याचा हक्कही आपलाच ना?

कागदाचा हक्क आणि मजकुराचा हक्क वेगळा. कवीला आलेले पत्र कवीच्या वारसांच्या मालकीचे असते, पण त्यातल्या मजकुराचा कॉपीराइट ज्याने ते लिहिले त्याच्याकडे आणि त्याच्या पश्चात त्याच्या वारसांकडे जातो. ग्वाल्हेरच्या स्नेह्याचे कार्ड आम्ही म्हणूनच पूर्ण छापले नाही. त्यात काय आहे ते सांगितले आणि कवितेच्या दोन ओळी दिल्या.

कवीच्या हयातीत छापलेल्या कवितांचा कॉपीराइट मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे चालतो, तो या कवीच्या बाबतीत केव्हाच संपला. पण हयातीत कधीच न छापलेली कविता आज पहिल्यांदा छापली तर ६० वर्षे त्या प्रकाशनापासून मोजली जातात. वहीत अप्रकाशित कविता मिळाली की आनंदाच्या भरात ती लगेच फेसबुकवर टाकू नका. तो निर्णय वारसांचा आहे. पुस्तकच काढायचे असेल तर वकिलाला दाखवून घ्या.

नातू अमेरिकेत आहे. तो मूळ वह्या घेऊन जाऊ शकतो का?

नाही. वाङ्मयीन किंवा ऐतिहासिक मोलाचे, ७५ वर्षांहून जुने हस्तलिखित १९७२च्या पुरावस्तू कायद्याखाली येते आणि खाजगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. त्याला चांगल्या प्रती पाठवा.

मोबाइलने काढलेले फोटो पुरतात का?

पुरतात, काळजीने काढले तर. फ्लॅश बंद, खिडकीशेजारी पण थेट उन्हात नाही, मोबाइल कागदाच्या बरोबर वर सपाट धरलेला. प्रत्येक फोटोत मोजपट्टी आणि क्रमांकाची चिठ्ठी यावी. कोरे दिसणारे मागचे पानही घ्या. आमची कविता मागच्या पानांवरच होती. सर्व फोटोंचा एक संच त्याच आठवड्यात पेनड्राइव्हवर घरी नेऊन द्यावा, नंतर देऊ म्हटले की राहून जाते.

कागद एखाद्या संस्थेला द्यावेत का? पैसे मिळतील का?

द्यावेत की नाही हे कुटुंबाने ठरवावे, अभ्यासकाने सुचवण्याची घाई करू नये. देणार असाल तर यादीवर दोन्ही बाजूंच्या सह्या हव्यात, आणि वारसांना हवे तेव्हा पाहता येईल ही अट लेखी हवी. पैशांबद्दल मी पहिल्याच भेटीत सांगतो की मी काही देऊ शकत नाही आणि यातून मला काही मिळणार नाही.

घर पाडायला दिले आहे किंवा घरात पुराचे पाणी शिरले आहे. आता पत्र लिहीत बसायला वेळ नाही.

तेव्हा फोनच करा. २०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले तेव्हा तळमजल्यावरच्या कपाटांत ठेवलेले बरेच काही भिजले, त्यामुळे हा प्रश्न आता दरवर्षी येतो.

भिजलेला गठ्ठा सोडवू नका. ओले कागद एकमेकांना चिकटलेले असताना ओढले की शाई आणि कागद दोन्ही जातात. उन्हात टाकू नका, इस्त्री करू नका. दोन दिवसांत बुरशी धरते, म्हणून तेवढ्या वेळात थोडे कागद असतील तर सावलीत, पंख्याच्या हळू वाऱ्यात, खाली-वर कोरा टीपकागद देऊन वाळवा आणि टीपकागद बदलत राहा. जास्त असतील तर गठ्ठे आहेत तसे वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून डीप फ्रीझरमध्ये ठेवा. तिथे बुरशी वाढत नाही आणि कागद-संवर्धन जाणणारा माणूस मिळेपर्यंत अवधी मिळतो. पिशवीवर आधी लिहा: कोणत्या पेटीतले, कोणत्या थरातले. ज्या कागदांवरची शाई पाण्यात पसरते आहे ते सगळ्यांत आधी फ्रीझरमध्ये जावेत.

घर रिकामे करत असाल तर पेट्या उघडून निवड करत बसू नका. प्रत्येक पेटी, तिची जागा आणि तिचे झाकण उघडल्यावर दिसणारा वरचा थर यांचे फोटो काढा, पेटी जशीच्या तशी बांधा आणि नातेवाइकांपैकी ज्याचे घर वरच्या मजल्यावर आहे त्याच्याकडे, जमिनीपासून उचलून, भिंतीला न टेकवता ठेवा. रद्दीवाल्याला बोलावण्याआधी खर्चाच्या वह्या आणि वाण्याची खाती बाजूला काढा. पहिल्यांदा तीच जातात.